तीन तगादे, फ्रेंचमधून

आमच्या शेठला फ्रेंच येत नव्हतं. त्याच्याविषयी सांगण्यासारखी ही सर्वांत सौम्य गोष्ट. माणूस समजून घेणंही त्याला येत नव्हतं, पण त्याचं त्याला कधी अडलं नाही. सुरतेत रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटात दुसऱ्या मजल्यावर त्याची पेढी होती. पुढे पांढरी गादी, मागे काचेची खोली. त्या खोलीत फॅक्स मशीन, टाइपरायटर आणि मी.

नव्वदच्या दशकात सुरतेतल्या प्रत्येक शेठला एक्स्पोर्टचं वेड लागलं होतं. ज्याच्या साड्या भिवंडीतही खपत नव्हत्या, तोही व्हिजिटिंग कार्डावर विमान छापून घ्यायचा. आमच्या शेठला मात्र खरंच एक गिऱ्हाईक मिळालं होतं. फ्रान्सच्या उत्तरेकडच्या एका गावातला व्यापारी, बायकांच्या गळ्यात गुंडाळायचे स्टोल घेणारा. कापड आमच्याकडच्या लूमवरचं, चमकदार पॉलिएस्टर, पण दोन्ही टोकांना हाताने बांधलेले गोंडे. त्या गोंड्यांसाठीच तो माल घ्यायचा. कापडाकडे कुणी डोळस माणूस दुसऱ्यांदा बघणार नाही.

गोंडे बांधायच्या सुरतेच्या उधना भागातल्या आमच्या गल्लीतल्या बायका, आणि त्यांना काम वाटून द्यायची माझी आई. वडील मिलमध्ये होते, आम्ही मूळचे धुळ्याकडचे. आई शेठच्या पेढीवरून स्टोलचे गठ्ठे रिक्षात घालून आणायची, घरोघर वाटायची, आठवड्याने गोळा करून परत नेऊन द्यायची. पैसे शेठ तिच्या हातात द्यायचा आणि ती नगाच्या हिशेबाने बायकांना. तिला त्यात नगामागे काही पैसे सुटायचे. मान मात्र पुष्कळ मिळायचा, आणि तिला त्याचीच जास्त चव होती.

मी पुण्याला मामाकडे राहून बी.ए. केलं. तिथं फ्रेंच घेतलं ते मार्क जास्त पडतात म्हणून, अर्ध्या पुण्याने तेच केलं होतं. पुढे नादाने व्यापारी पत्रव्यवहाराचा एक अभ्यासक्रमही केला. परत सुरतेला आले तेव्हा या ज्ञानाचा उपयोग उधन्यात कुणाला होणार, असा प्रश्न नातेवाईकांनी आळीपाळीने विचारून घेतला. आईने एक दिवस गठ्ठे टाकता टाकता शेठला सांगितलं की माझ्या मुलीला फ्रान्सची भाषा येते. शेठने मला दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतलं आणि पगार विचारायच्या आधीच सांगून टाकला.

पेढीत एक्स्पोर्ट मॅनेजर म्हणून शेठचा पुतण्या होता. मे महिन्यात टाय बांधून बसायचा. इंग्रजी फॅक्स तो मोठ्याने वाचायचा, म्हणजे आपल्याला वाचता येतं हे गादीवरच्या लोकांना कळावं. फ्रेंच फॅक्स आला की उलटासुलटा करून माझ्याकडे ढकलायचा. "बेन, आ तमारुं." बाकी त्याचं काम म्हणजे पोस्टात जाणे, बँकेत जाणे आणि दोन्हीकडून उशिरा येणे.

त्या वर्षी फ्रान्सला मोठा माल गेला. बिलापासून साठ दिवसांत पैसे, असं ठरलं होतं. साठ दिवस झाले, पैसे आले नाहीत. आई पेढीवर पैसे आणायला गेली तेव्हा शेठ म्हणाला, फ्रान्सचं पेमेंट आलं की तुमचं. दिवाळी तोंडावर आलेली. आईने घरी येऊन गल्लीत तेच सांगितलं. बायकांनी पहिल्यांदा मान डोलावली. दुसऱ्यांदा विचारताना एकीच्या आवाजात काहीतरी वेगळं आलं. "आम्हना पैसा कव्हय भेटतीन मग?" हे वाक्य आमच्या ओट्यावर रोज कुणी ना कुणी येऊन टाकून जायचं. आई नळावर बायका असतात ती वेळ टाळून जाऊ लागली. मला ते फार लागलं. त्या बाईने आयुष्यात नळावरची आपली वेळ कधी सोडली नव्हती.

म्हणून मी शेठला म्हटलं, फ्रान्सला तगाद्याचं पत्र पाठवू. त्यांच्याकडे त्याची रीत आहे, तीन पत्रांची.

ती रीत मला पाठ होती. पहिल्या पत्रात समोरचा बुडवा आहे असं मनातसुद्धा आणायचं नाही. तो विसरला आहे, बस्स. 'आमच्याकडून काही चूक किंवा नजरचूक झाली नसेल तर, अमुक नंबरचं बिल अजून भरलेलं दिसत नाही,' इथून सुरुवात. बिलाची प्रत सोबत जोडायची. आणि शेवटी सांगायचं की तुम्ही दरम्यान पैसे पाठवले असतील तर हे पत्र आलंच नाही असं समजा. त्याने काही झालं नाही तर पंधरवड्याने दुसरं. त्यात पहिल्या पत्राची तारीख घालायची, म्हणजे त्याला कळतं की हे लोक मोजताहेत. विसरण्याची सबब त्याला आता द्यायची नाही. आठ दिवसांची मुदत घालायची, काही अडचण असेल तर कळवा म्हणायचं. तरीही काही नाही तर तिसरं आणि शेवटचं. ते साध्या टपालाने जात नाही, रजिस्टरने जातं, पोच घेऊन. त्यात 'मीझ आं दमर' हे शब्द आलेच पाहिजेत. रीतसर मागणी करून कर्जदाराला कायद्यापुढे उभं करणं, असा त्यांचा अर्थ. अमुक दिवसांत पैसे द्या, नाहीतर प्रकरण वकिलाकडे आणि कोर्टात. हे शब्द नसतील तर ते पत्र नुसती कुरकुर ठरतं.

आणि तिन्ही पत्रांच्या शेवटी अभिवादन असतंच. पहिल्यात 'आमच्या उत्तम भावनांचा स्वीकार करावा', तिसऱ्यात जरा कोरडं, 'आमचं आदरपूर्वक अभिवादन'. कोर्टात खेचणाऱ्याचंही अभिवादन. फ्रेंच माणूस गळा दाबायला आला तरी आधी टोपी काढतो, आणि याला ते लोक संस्कृती म्हणतात. मला तेव्हाही हसू यायचं. पण रीत कामाची होती. एकेक पायरी चढत जायचं, आणि समोरच्याला दर पायरीवर उतरून जायला जागा ठेवायची.

शेठ म्हणाला, तिन्ही एकदम लिही. नमुना बघितल्याशिवाय तो काहीच घेत नसे, पत्रंसुद्धा कापडाच्या थानाप्रमाणे पसरून बघणार. मी तारखा कोऱ्या ठेवून तिन्ही टाइप केली आणि गादीवर बसून त्याला गुजरातीत अर्थ सांगितला. पहिल्या पत्रावर त्याने कपाळाला आठी घातली.

"बेन, आमां धमकी क्यां छे?"

मी म्हटलं, पहिल्यात नसते, शेठ.

"तो ए समजशे के आपणे ढीला छीए." तिसरं ऐकल्यावर मात्र तो खूश झाला. कोर्ट, वकील, रजिस्टर. बोट उचलून म्हणाला, हे पहिलं जाईल.

मग त्याने मला मार्केटची रीत शिकवली. मी पुण्याला जाऊन फुकट पैसे घालवले, असा एकूण सूर. "पहेला डंडो, पछी चा, छेल्ले वटाव." म्हणजे उधारी थकली की आधी धटिंगण मुनीम पाठवायचा. त्याने समोरच्याच्या दुकानात गिऱ्हाइकांदेखत बसून आवाज चढवायचा. मग दोन दिवसांनी शेठने स्वतः जायचं, चहा प्यायचा, जुना संबंध काढायचा. आणि दिवाळीच्या आधी, हिशेबाचे चोपडे बंद व्हायच्या वेळी, वटाव सोडायचा. शंभरातले दहा कमी दे, पण दे. मार्केटात सगळे असंच करायचे. रोज ज्याचं तोंड बघायचं त्याच्याशी ते चालतही असेल. त्याला आधी मारलं तरी तो संध्याकाळी त्याच जिन्यावर भेटणार, त्यामुळे चहा प्यायला जागा असते.

मी सांगितलं की हा माणूस जिन्यावर भेटणार नाही. त्याला आधी कोर्ट दाखवलं तर तो वकिलाकडे जाईल. नंतर गोड बोललात तर तुमच्या कोर्टात काही दम नाही हे त्याला कळेल. दुसरं पत्र पहिल्याचा हवाला देतं, तिसरं दोन्हींचा. ती उलटी जाऊच शकत नाहीत.

शेठ हसला. पुतण्याही हसला, काही न समजता, टाय सारखा करत. "बेन, धंधो तमे करो छो के हुं?"  पालथ्या घड्यावर पाणी.

मी दुसऱ्या दिवशी बँकेत गेले होते. परत आले तर टेबलावर रजिस्टर टपालाची पावती आणि पत्राची प्रत. पुतण्याने शेवटच्या पत्रावर तारीख घातली होती. कोऱ्या तारखांवरून ओळखून आधीच्या दोन पत्रांचा उल्लेख आणि वर टाइप केलेला 'शेवटची सूचना' हा मथळा त्याने पांढऱ्या शाईने पुसला होता. आपण फार हुशारी केली असा चेहरा करून तो बसला होता. पैसे द्यायची मुदत संपून जेमतेम आठवडा झाला होता. ज्याला बहुधा आठवणही नव्हती, त्या माणसाला आम्ही सरळ कोर्टाच्या दारात उभं केलं.

आठ दिवस गेले. आम्ही कोर्टात गेलो नाही हे सांगायला नको. सुरतेतला हा शेठ फ्रान्समधल्या कोर्टात जाणार होता थोडाच, त्याला सुरतेतल्या कोर्टाचा जिनाही चढायचा नव्हता. मग पुतण्याने दुसरं पत्र फॅक्स केलं. त्यात 'आमच्या मागच्या पत्राचा उल्लेख' म्हणून त्या कोर्टाच्या पत्राची तारीख घातली. म्हणजे आधी कोर्टाची धमकी, आणि मग 'काही अडचण असल्यास कृपया कळवावे'.

दरम्यान गल्लीत बातमी वेगळीच शिजत होती. शेठने पैसे दिले असणार, असं कुणीतरी म्हणालं. आईच्या कानावर ते आलं नाही, माझ्या आलं. मी तिला सांगितलं नाही, पण तिला कळलं असणार. ती रात्री जेवताना ताटाकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, "तुन्हा शेठले सांग, माले तोंड दखाडता येत नही." मी शेठला ते शब्द गुजरातीत करून सांगितले. तो म्हणाला, फ्रान्सनुं आवशे एटले, म्हणजे तिकडचे आले की लगेच.

धनत्रयोदशीच्या पंधरवडाभर आधी त्याने पहिलं पत्र काढायला सांगितलं, म्हणजे त्याच्या हिशेबाने शेवटचं. आणि त्यात वटावाचं वाक्य घाल म्हणाला, दहा टक्के. मी म्हटलं, तुमच्या नावाची थट्टा होईल. तो म्हणाला, थट्टा पण चालशे, पैसा आवशे. मला शेठच्या पैशांचं पडलं नव्हतं, गल्लीतल्या बायकांचे हवे होते. म्हणून मी वाक्य घातलं. 'आमच्याकडून काही चूक किंवा नजरचूक झाली नसेल तर' पासून 'उत्तम भावनांचा स्वीकार करावा' पर्यंत सगळं तसंच्या तसं, आणि मध्ये दहा टक्के सूट. जगात असा तगादा आधी कुणी लिहिला नसेल.

तीन दिवसांत उत्तर आलं. फॅक्समधून कागद सरकत होता तेव्हाच मी वाचत होते. इतक्या सभ्य भाषेत कुणी कुणाचा खिसा कापल्याचं मी वाचलं नव्हतं. व्यापाऱ्याने लिहिलं होतं की त्यांच्या हिशेबनिसाकडून बिल नुसतं मागे राहिलं होतं आणि साधी आठवण केली असती तरी पुरे होतं. पण मुदतीनंतर आठवड्यातच रीतसर कायदेशीर मागणी आली, त्यामुळे त्याला कागद वकिलाकडे द्यावे लागले. वकिलाने सांगितलं की कोर्टाचे कागद येईपर्यंत थांबा. ते आले नाहीत, उलट आपलं अधिक मवाळ पत्र आलं, आणि आता हे तिसरं, ज्यात आपण स्वतःच आपल्याकडून चूक झाली असण्याची शक्यता मोठ्या मनाने मान्य केली आहे. आपली दहा टक्क्यांची सूट आम्ही आभारपूर्वक स्वीकारतो. शेवटी अभिवादन होतंच, उत्तम भावनांचं.

चोर तो चोर, वर टोपी काढलेली. मला त्या दोघांचाही सारखाच तिटकारा आला. एक गादीवर बसून मूर्ख, दुसरा खुर्चीत बसून धूर्त. मी शेठला सगळं उत्तर शब्दाशब्दाने सांगितलं. साधी आठवण पुरे होती, हे वाक्य दोनदा सांगितलं.

शेठच्या कानांना फक्त नव्वद टक्के ऐकू आले. त्याने मांडीवर थाप मारली. "जोयुं? वटाव आप्यो एटले आव्युं." पुतण्याने पेढे मागवले. बँकेत कागद भरून बिलातली कपात मंजूर करून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं, ते मी केलं. पैसे आले. आई बोलावल्यावर आली तेव्हा शेठने बायकांच्या हिशेबातूनही दहा टक्के कापून ठेवले होते. फ्रान्सने कमी दिले तर आपण सगळ्यांनीच थोडं सोसायचं, असं तो म्हणाला. घरनी वात छे.

आईने पैसे घेतले नाहीत. ते गादीवरच राहू दिले आणि चपला काढून स्वतः तिथंच बसली, पांढऱ्या चादरीवर, अगदी मध्ये. तिला हिंदी धड येत नव्हती, तरी ती हिंदीतच बोलली, म्हणजे सगळ्यांना कळावं. "पूरा पैसा दो, हम उठ जाते."

दिवाळीचा आठवडा. जिन्यावर ये-जा, शेजारच्या पेढ्यांवर माणसं, दोन बाहेरगावचे व्यापारी माल बघायला आलेले. ती आवाज चढवत नव्हती. कुणी विचारलं की सांगायची, गोंड्यांचे पैसे आहेत. मी काचेच्या खोलीतून बघत होते.  त्या बाईने कधी कुणाच्या दारात असं बसून काही मागितलं नव्हतं.

शेठने चहा मागवला. तिने घेतला नाही. शेठ म्हणाला, बरं, पाचच टक्के कापतो. ती उठली नाही. मग तो माझ्याकडे आला, काचेच्या दारात उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "बेन, तमारी मम्मीने समजावो ने."

मी म्हटलं, तुम्हीच शिकवलंत शेठ, आधी डंडो. ती तिथंच थांबणार आहे, पुढच्या पायऱ्या तिला माहीत नाहीत.

त्याने पूर्ण पैसे दिले. देताना नोटांवर नोटा आपटत दिले. बाहेरगावचा एक व्यापारी हसला, शेठही हसला, आणि आई उठताना तिला म्हणाला की वसुलीच्या कामावर येणार का, मुनीम म्हणून ठेवतो. खरंच विचारत होता. अशा माणसाचा अपमान तरी काय करणार. आई चपला घालून जिना उतरली. मी पर्स उचलली आणि तिच्यामागे निघाले. त्या पेढीवर मी पुन्हा गेले नाही, आणि त्या महिन्याचा माझा पगार मागायलाही नाही.

 रिक्षात आई पदर डोक्यावरून ओढून घेऊन बसली होती. मला वाटलं होतं ती आनंदात असेल. तिला लाज वाटत होती. चार माणसांत बसावं लागलं म्हणून नव्हे, बसावं लागण्याइतकी वेळ आली म्हणून, असं मला तेव्हा वाटलं. ते बरोबर होतं की नाही हे मी तिला कधी विचारलं नाही.

घरी आल्याआल्या तिने दिवेलागणीच्या आधीच पैसे वाटायला घेतले. मी पिशवी धरून बरोबर गेले. बायका खूश होत्या, काहींनी हळद-कुंकू लावलं. गल्लीच्या टोकाला एक बाई होती, सगळ्यांत जास्त गोंडे बांधणारी. गेले काही आठवडे आमच्या ओट्यावर तिने पाऊल टाकलं नव्हतं. आईने तिच्या हातात पैसे ठेवले. ती ओशाळून हसली.

"खरं सांगू का? आम्हले वाटनं, तूच खाई गई."

 ती बाई पैसे न मोजता पदरात बांधू लागली, म्हणाली, तुझ्या हातचे आहेत, मोजायचे कशाला आता.

"मोजी ले," आई म्हणाली.

ती बाई पुन्हा हसली, नको म्हणाली. आई उंबऱ्याबाहेर तशीच उभी राहिली. शेवटी त्या बाईने गाठ सोडली, दिव्याजवळ बसली आणि एकेक नोट मोजायला लागली. ती शेवटच्या नोटेपर्यंत मोजून होईस्तोवर आई तिथून हलली नाही.